आधी फोन, मग पोस्ट

पोरी, गोड बातमीची पोस्ट लिहायला पाच मिनिटं पुरतात. वेळ द्यायचा तो तिच्याआधी. कुणाला तोंडी सांगायचं, कधी सांगायचं आणि मजकुरात काय घालायचं नाही, हे एकदा ठरलं की ओळी सुचतातच. आपल्या घरातल्या लेकीसुनांच्या बातम्या सांगताना मी जे पाहिलं, त्यातून माझा एक नियम तयार झाला आहे. पोस्ट वाचून ज्या माणसाच्या मनात "मला हे असं कळावं?" असं येईल, त्याला ती बातमी पोस्टच्या आधी कळलेली असली पाहिजे. बाकीचं सगळं या एका नियमातून निघतं.

केव्हा सांगायचं

"तीन महिने होईपर्यंत कुठे बोलू नकोस," असं तुझी आजी सांगते. दृष्ट लागेल ही तिची भीती असली, तरी तिच्या सांगण्याला वैद्यकीय आधारही आहे. जे गर्भपात होतात, त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत होतात. त्यानंतर धोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून सगळ्यांसाठीची पोस्ट बारा आठवडे उलटल्यावरच लावावी.

हे आठवडे डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे लक्षात ठेव. तुझी शेवटची पाळी १० मार्चला आली होती असं धरू. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान जी एनटी सोनोग्राफी करतात, तिची मुदत साधारण २६ मे ते १५ जून अशी येते. ती झाली, डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, की मग पोस्टचा दिवस ठरव. बाळाचे अवयव नीट तपासणारी मोठी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, म्हणजे जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास येईल. काही जोडपी तोपर्यंत थांबतात. आधी कधी त्रास झाला असेल, किंवा मनाला तेच बरं वाटत असेल, तर खुशाल थांब. उशिरा सांगितल्याने बातमी शिळी होत नाही.

पूर्वीसुद्धा ही बातमी एकदम सगळीकडे जात नसे. आधी घरातल्या घरात चोरचोळी होई. नावाप्रमाणेच गुपचूप, दोनचार बायकांत. सातव्या महिन्यात ओटीभरण किंवा डोहाळजेवण झालं की मग आळीभर कळे. महिने घराघराप्रमाणे बदलत, पण क्रम तोच, जवळच्यांकडून लांबच्यांकडे. आपणही तोच क्रम धरायचा.

मग बारा आठवड्यांच्या आत कुणालाच सांगायचं नाही का? सांगायचं. उलट्यांनी हैराण असशील, तेव्हा कुणीतरी जवळचं हवंच. एवढंच बघ, की काही वाईट झालं तर तेही ज्यांना सांगता येईल, ज्यांच्यासमोर रडता येईल, अशाच माणसांना लवकर सांग. दोघांचे आईवडील, एखादी बहीण, एखादी जिवाभावाची मैत्रीण. ही यादी लहानच असते.

यादी कागदावर काढ

एका संध्याकाळी दोघं बसा आणि नावं लिहून काढा. डोक्यात ठेवून चालत नाही, कारण राहून जातात ती नेमकी आत्या आणि धाकटे काका.

पहिला फोन दोन्हीकडच्या आईवडिलांना, आणि तो एकाच दिवशी. माहेरी सकाळी सांगितलं आणि सासरी चार दिवसांनी, हे पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागतं. लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉल कर. त्यांचे चेहरे तुलाही बघायचे असतात. आजीआजोबांना ऐकू कमी येत असेल, तर घरातल्या कुणालातरी शेजारी बसायला सांग आणि हळू, स्पष्ट बोल. त्यांना बातमी नातवाच्या फोनवरच्या चित्रातून कळू नये.

त्यानंतर भावंडं. मग काका, मामा, आत्या, मावश्या. इथे तुम्हाला एकट्यांना सगळे फोन करायची गरज नाही. माहेरच्या मोठ्यांना तुझी आई सांगेल, सासरच्यांना सासूबाई. त्यांनाही सांगण्याचा आनंद हवा असतो, तो त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस. फक्त दोघींना नीट सांग, "आई, फोन करून सांगा, पण ग्रुपवर आणि स्टेटसला आम्ही टाकल्यावरच टाका." हे एक वाक्य आधी बोललं नाही, तर तुमच्या पोस्टच्या आदल्या दिवशीच एखाद्या ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडायला लागतात.

नोकरी असेल तर वरिष्ठांचं नाव यादीत हवंच. साहेबांना किंवा मॅडमना स्टेटसवरून कळू देऊ नकोस. आधी भेटून तोंडी सांग, मग रजेचं लेखी कळव. आपल्याकडे कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तेवढ्या काळाची सोय त्यांना करायची असते. आधी विश्वासात घेतलेलं असलं, की पुढचं बोलणं सोपं जातं.

आता यादीतली सगळ्यात नाजूक जागा. तुझ्या ओळखीत एखादी मैत्रीण, वहिनी किंवा बहीण असेल, जी बाळासाठी बराच काळ वाट बघते आहे, किंवा जिचं बाळ गेलं आहे. तिलाही पोस्टच्या आधी सांगायचं, पण फोन करून नाही. फोनवर तिला त्या क्षणी आनंदी आवाज काढावा लागतो आणि ते फार जड जातं. तिला एकटीला मेसेज पाठव. असा: "तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. मला दिवस गेले आहेत. लगेच काही लिहायला हवं असं नाही. तुला वाटेल तेव्हा बोलू." एवढंच. "तुझंही लवकरच होईल" हे चुकूनही लिहू नकोस. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, किंवा आलंच नाही, तरी मनाला लावून घेऊ नकोस. ती डोहाळजेवणाला आली नाही, तर तेही समजून घे.

मजकूर

नव्या जोडप्यांचे मजकूर बहुधा असे असतात:

"देवाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या आशीर्वादाने आमच्या संसारवेलीवर एक गोंडस फूल उमलणार आहे! चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आणि असंख्य उपचारांनंतर हा सोन्याचा दिवस उगवला. आमचा छोटा राजकुमार १५ डिसेंबरला येत आहे! आमच्या डॉक्टरांचे आणि हॉस्पिटलचे मनापासून आभार."

यातलं एकेक वाक्य घेऊ.

संसारवेल आणि गोंडस फूल ही भाषा छापील पत्रिकेतली. तू आणि जावईबापू असं बोलत नाही. जे तोंडाने म्हणाल, तेच लिहा. "आमच्याकडे बाळ येणार आहे" या साध्या वाक्यात सगळं आलं. देवाचं नाव मनापासून घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या, पण रीत म्हणून नको.

चार वर्षं आणि उपचार हे काढून टाक. तो तुमचा प्रवास आहे आणि त्यात लाज वाटावं असं काहीही नाही. पण पोस्ट वाचणारे तीनशे लोक त्यानंतर विचारतात, कुठले उपचार, किती खर्च, दोष कुणात होता. यातलं काही सांगायचंच असेल तर समोर बसलेल्या माणसाला सांग. आणि एकदा विचार कर, हे बाळाविषयीही आहे. तो किंवा ती मोठी झाल्यावर स्वतःच्या जन्माची हकिगत तुमच्याकडून ऐकेल, तेच बरं.

तारीख काढ. १० मार्चपासून २८० दिवस मोजले की १५ डिसेंबर येतो, पण हा केवळ हिशेब आहे. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात पाचच्या आसपास. पूर्ण दिवसांचं बाळ सदतीस आठवड्यांनंतर, म्हणजे इथे २४ नोव्हेंबरनंतर कधीही येऊ शकतं. तारीख जाहीर केली, की १६ तारखेच्या सकाळपासून "काय झालं का?" असे फोन सुरू होतात. नेमकं तेव्हा तुला झोपेची आणि शांततेची गरज असते. फक्त महिना लिही. "वर्षाअखेरीस" म्हटलं तर आणखी बरं.

राजकुमार काढ. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलते.

डॉक्टरांचं आणि हॉस्पिटलचं नावही काढ. आभार त्यांना भेटून मानता येतात. नाव लिहिलं, की कुणाला ते हॉस्पिटल महाग वाटतं, कुणाच्या जावेचा तिथला अनुभव वाईट असतो, आणि ते सगळं तुला ऐकवलं जातं.

उरलं काय? हे:

"आमच्याकडे वर्षाअखेरीस बाळ येणार आहे. तब्येत छान आहे, घरात सगळे आनंदात आहेत. तुमचे आशीर्वाद असू द्यात."

खाली दोघांची नावं. कुणाला बाळ होणार, केव्हाच्या सुमारास आणि सगळं ठीक आहे ना, एवढंच लोकांना जाणून घ्यायचं असतं आणि ते तीन वाक्यांत आलं. "तब्येत छान आहे" हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. त्याने तब्येतीच्या चौकशीचे निम्मे फोन वाचतात. अर्थात तब्येत खरंच बरी असेल तरच ते लिहायचं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, तर त्याजागी लिहा, "सध्या विश्रांती चालू आहे, फोन उचलला नाही तर समजून घ्या."

पहिलं अपत्य असेल, तर वाक्य थोडं हलकं करता येतं: "दोनाचे तीन होणार! डिसेंबरमध्ये." मजकूर एवढा लहान असेल तर चालतं. दुसऱ्या वेळी सगळ्यात गोड पोस्ट थोरल्याच्या नावाने होते: "आमची चिऊ डिसेंबरमध्ये ताई होणार." फक्त ही बातमी चिऊला सगळ्यांच्या आधी घरात नीट सांगितलेली असू दे. शाळेच्या गेटवर कुणा काकूंनी "काय ग, भाऊ येणार ना?" असं विचारल्यावर तिला पहिल्यांदा कळू नये.

फोटो

सोनोग्राफीचा फोटो लावायची इच्छा सगळ्यांना होते. लावण्याआधी तो हातात घेऊन त्याच्या कडा वाच. वरच्या पट्टीत तुझं पूर्ण नाव, बहुधा वयही. शेजारी केंद्राचं नाव, तारीख, वेळ, रुग्ण क्रमांक. बाजूला आठवडे आणि मापं. मधल्या करड्या डागात बाळ आहे, हे मावशीला सांगावं लागतं, पण कडेचं सगळं कुणालाही वाचता येतं. आणि ते वाचणारी एखादी मामी आठवडे मोजून लग्नाच्या तारखेशी पडताळून बघते. तो फोटो अल्बममध्ये लाव, पोस्टमध्ये नको.

त्याऐवजी घरातलं काहीतरी घे. पांढऱ्या धुतलेल्या चादरीवर एक टोपरं आणि झबलं, किंवा आजीने विणलेले लोकरीचे मोजे. फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढ, फ्लॅश लावू नकोस. दोघांचे हात, दोघांचा साधा फोटो, हेही सुरेख दिसतं. निळं किंवा गुलाबी टाळ. पिवळं, हिरवं, पांढरं घे. मजकूर फोटोवर छापायचा असेल, तर अक्षरं मोठी ठेव. ज्येष्ठांना लहान फोनवर बारीक अक्षर वाचता येत नाही. त्यापेक्षा फोटो वेगळा आणि मजकूर खाली लिहिलेला, हे जास्त सोयीचं.

मुलगा की मुलगी, याचा उल्लेखच नको

परदेशी व्हिडिओंत रंगीत फुगे फोडून बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करतात. आपल्याकडे हे करायचं नाही, गमतीतही नाही. गर्भाचं लिंग तपासणं आणि ते शब्दाने, खुणेने, कुठल्याही मार्गाने सांगणं, हा आपल्या देशात गुन्हा आहे. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं. म्हणूनच सोनोग्राफीआधी तुझी सही घेतात आणि भिंतीवर फलक असतो. तो कायदा का करावा लागला, किती मुली जन्माआधीच गेल्या, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे या बाबतीत मी जराही सैल बोलणार नाही.

तुझा भाऊ अमेरिकेत आहे. तिथे डॉक्टर आईबापांना हे सांगतात आणि ते कायद्याला धरून आहे. त्याच्या घरी बाळ येईल, तेव्हा तिकडच्या मित्रांत त्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. पण आपल्या घरच्या ग्रुपवर, जिथे इथल्या गरोदर सुना आणि त्यांच्या सासवा आहेत, तिथे त्याने ते बाळ जन्मल्यावरच सांगावं.

तुझ्या मजकुरातही राजकुमार, वंशाचा दिवा, कुलदीपक, काही नको. "राजकुमार किंवा राजकन्या" असंही नको. "बाळ" हा सुंदर शब्द आहे, तो पुरतो. पोस्टखाली कुणी "मुलगाच होऊ दे" असं लिहिलं, तर वाद घालू नकोस, गप्पही बसू नकोस. एवढंच लिही: "बाळ सुखरूप येऊ दे, एवढाच आशीर्वाद द्या." बाकीच्यांना ते बरोबर कळतं.

लावण्याचा दिवस

आधी घरच्या ग्रुपवर मेसेज टाक आणि चारपाच तासांनी स्टेटस लाव. स्टेटस चोवीस तासच राहतं, आणि अशा बातमीला तेवढं पुरतं. लावण्याआधी ते कुणाकुणाला दिसणार ते तपास. तुझ्या फोनमध्ये घरमालक, जुन्या कंपनीतले लोक, गॅसवाला, सगळ्यांचे नंबर आहेत. स्टेटसच्या सेटिंगमध्ये ठरावीक माणसं वगळता येतात, पंधरा मिनिटं खर्च करून ती वगळ. गेलेला मेसेज थोडा काळ सगळ्यांसाठी पुसता येतो, पण कुणी पुढे पाठवला किंवा स्क्रीनशॉट काढला, तर तो तुझ्या हातात राहत नाही. म्हणून पाठवण्याआधी जावईबापूंना एकदा मोठ्याने वाचून दाखव.

दिवस निवडताना नात्यात सुतक नाही ना ते बघ. पितृपंधरवड्यात शुभ बातमी सांगणं ज्येष्ठांना रुचत नसेल, तर चार दिवस थांबायला काय हरकत आहे? दुसऱ्या कुणाच्या लग्नाच्या किंवा साखरपुड्याच्या दिवशी त्याच ग्रुपवर टाकू नकोस, तो दिवस त्यांचा असू दे. रविवारी दुपारी बाराच्या सुमारास टाकलं, तर लोकांना सवडीने वाचता येतं आणि तुलाही फोन घेता येतात.

साखरपुड्याच्या पोस्टलाही हेच सगळं लागू, फक्त तिथे घरं दोन असतात. मजकूर आणि वेळ दोन्हीकडून आधी ठरवून घ्यायची, नाहीतर एका घरी पोस्ट लागते आणि दुसऱ्या घरच्या मामांना ती शेजाऱ्यांकडून कळते. तिथेही लग्नाची तारीख कार्यालय पक्कं झाल्याशिवाय लिहू नये.

पोस्टनंतर

प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसू नकोस, थकशील. संध्याकाळी एकच मेसेज पुरतो: "सगळ्यांचे आशीर्वाद पोचले. मनापासून धन्यवाद." ज्येष्ठांचे फोन मात्र घ्या, ते जावईबापूंनी घेतले तरी चालतील. हॉस्पिटल कुठलं, सोनोग्राफीत काय आलं, असं कुणी विचारलं, तर "सगळं ठीक चाललंय" एवढंच आणि विषय बदल.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगितली पाहिजे. बारा आठवड्यांनंतरही क्वचित वाईट घडतं. तसं झालं तर प्रत्येकाला सांगण्याचं ओझं तुम्ही दोघांनी घ्यायचं नाही. दोन्हीकडच्या एकेका माणसावर ते काम सोपवा आणि त्यांना नेमके शब्द द्या: "बाळ राहिलं नाही. ती बरी आहे. सध्या फोन करू नका, सवड झाली की तेच बोलतील." ही माणसं कोण असतील, ते आज मनात ठरवून ठेव आणि मग विसरून जा.

आणि ती कागदावरची यादी टाकून देऊ नकोस. डोहाळजेवणाची आमंत्रणं तिच्यावरूनच फोनने करायची असतात, पोस्ट म्हणजे आमंत्रण नव्हे. पुढे बाळ जन्मल्यावर तुझ्या अंगात त्राण नसेल. तेव्हा जावईबापू तीच यादी घेऊन हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून एकेक फोन करतील, याच क्रमाने. म्हणून आजच नावापुढे नंबरही लिहून ठेव.